बाटलीवर आजी हवीच

केसांच्या हर्बल तेलाचं लेबल लिहायला बसलात? आधी एक आजी शोधा. स्वतःची नसली तरी चालेल. आजीचं गुपित, आजीचा बटवा, आजीची कढई, काहीही. अंधेरीच्या एका क्लायंटने परवा माझं लेबल चौथ्यांदा परत पाठवलं, "सेफ आहे, पण जरा हटके करा ना." त्याला आजी हवी होती.

पुढे माक्याचं मोठं, दवबिंदूवालं पान छापा. घटकांच्या यादीत पहिलं नाव लाइट लिक्विड पॅराफिन, म्हणजे खनिज तेल, असलं तरी हरकत नाही, यादी कोण वाचतो!

टक्कल आणि पिकलेले केस यांचं नाव घेऊ नका. औषध नियमांच्या शेड्यूल जे मध्ये ते बसलेत, तिथे बरं करण्याचा दावा चालत नाही. त्याऐवजी चांदणी वापरा. 'केस गळणं कमी*' टपोऱ्या अक्षरात आणि चांदणीचा अर्थ बाटलीच्या बुडाशी, मुंगीच्या अक्षरात: 'तुटण्यामुळे होणारं'. काय डोकं आहे! तेलाने केस गुळगुळीत होतात, कंगव्यात कमी अडकतात, म्हणून कमी तुटतात, हे खरंच. पण मुळासकट पडणाऱ्या केसाच्या टोकाला पांढरट गाठ असते. तो ताप, बाळंतपण, थायरॉइड अशा कारणांनी पडतो. माझ्या बहिणीला डेंग्यू झाला. अडीच महिन्यांनी दादरच्या घरात फरशीभर केस, सगळे गाठवाले. तिने चांदणीवाल्या तेलाच्या चार बाटल्या संपवल्या. तापानंतरचं असं गळणं बहुधा काही महिन्यांत आपोआप थांबतं, तसंच थांबलं. श्रेय कुणाला? आजीला! आणि थायरॉइड असता तर? चार बाटल्या संपेपर्यंत तपासणी कुणी केली असती, चांदणीने?

'शंभर टक्के नैसर्गिक' लिहाच. धोतराही नैसर्गिकच आहे.

पुरे झालं. अहो अंधेरीवाले, तुमचं तेल खरंच चांगलं आहे, मी कारखान्यात उभं राहून पाहिलंय. एक भाग माक्याचा कल्क, म्हणजे वाटलेला लगदा, चार भाग खोबरेल, सोळा भाग रस. रस आटला का बघायला तुमचा माणूस कल्काची वात पेटवतो. तडतडली तर पाणी उरलंय, पुन्हा मंद आच. हे सोडून तुम्ही दवबिंदू छापता? असली कढई असताना भाड्याची आजी आणता? लाज नाही वाटत? चौथ्यांदा परत केलेलं माझं लेबल पुन्हा वाचा:

'माक्याच्या रसात कढवलेलं खोबरेल. कल्काची वात न तडतडता जळेपर्यंत. न्हाण्याआधी तासभर लावा, केस मऊ होतात, विंचरताना कमी तुटतात. रंग हिरवट आहे, उशीचा अभ्रा जुना घ्या.'

पाचव्यांदा मी लिहिणार नाही. बिल पाठवलंय.