व्हॅक्यूममधले संप्लवन: जोराची आच का चालत नाही

“व्हॅक्यूम लावला की आच बिनधास्त वाढवा. पंप जितका जोरात, तितके काम लवकर, आणि वर चिकटलेला पदार्थ शंभर टक्के शुद्धच असतो.”

संप्लवनाने, म्हणजे घन पदार्थाची न वितळता थेट वाफ करून ती वरच्या थंड नळीवर पुन्हा घन जमवून, पदार्थ शुद्ध करण्याबद्दल असा सल्ला ऐकू येतो. त्यातल्या आचेपासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांचे नुकसान तिथेच होते. शुद्ध बेंझोइक आम्ल १२२ अंश सेल्सिअसला वितळते, पण अशुद्धीमुळे हा वितळणांक खाली येतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या महाविद्यालयात गेल्या मे महिन्यात एका विद्यार्थ्याकडे असेच १ ग्रॅम तपकिरी आम्ल होते, जे ११४ अंशांपासूनच वितळू लागत होते. त्याने तेलाचे पात्र १२० अंशांवर नेले. पदार्थ घन राहिला नाही, त्यात उरलेल्या ओलाव्याचे बुडबुडे फुटू लागले आणि बर्फ भरलेल्या आतल्या नळीवर तपकिरी थेंब उडाले. मग पदार्थ पुन्हा बारीक वाटून, नीट वाळवून तेल १०५ अंशांवर ठेवले आणि बर्फाची नळी पदार्थापासून साधारण दीड सेंटिमीटर वर आणली. दीड तासाने तिच्यावर पांढऱ्या, चमकदार सुया आल्या. त्या सुमारे ०.७ ग्रॅम भरल्या आणि १२१ ते १२२ अंशांत वितळल्या.

पंपाच्या जोराचे म्हणाल, तर नळाला लावायचा काचेचा पंप पाण्याच्या बाष्पदाबाखाली जाऊच शकत नाही. हा दाब २० अंशांच्या पाण्याला साडेसतरा मिलिमीटर पारा असतो, तर मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी ४० अंशांवर गेले की तो ५५ होतो. म्हणून उन्हाळ्यात पंप कमी पडला, तर उपाय टाकीच्या पाण्यात बर्फ टाकणे हा आहे, आच वाढवणे हा नव्हे. उलट कापराला जोराचा व्हॅक्यूम मारकच ठरतो, कारण तो मुळातच इतका उडणारा आहे की त्याची वाफ थंड नळी ओलांडून पंपाच्या रबरी नळीत जाऊन पांढरी बसते. काम संपल्यावर आच बंद करून उपकरण थंड होऊ द्यावे आणि हवा अगदी सावकाश आत सोडावी. एकदम सोडली तर सगळे स्फटिक खालच्या राखाडी गाळात झडतात.

शुद्धतेचा दावा तर सरळ चुकीचा आहे. मीठ, वाळू किंवा कोळशाची पूड खाली राहते, कारण ती या तापमानाला उडत नाही. पण बेंझोइक आम्लात सॅलिसिलिक आम्ल मिसळले असेल, तर तेही संप्लवन पावते आणि त्याच नळीवर जाऊन बसते. डोळ्यांना दोन्ही पांढरीच दिसतात. थोडे स्फटिक अल्कोहोलमध्ये विरघळवून सौम्य फेरिक क्लोराइडचा एक थेंब टाकावा: जांभळा रंग आला, तर सॅलिसिलिक आम्ल सोबत आलेले आहे. वितळणांकही घ्यावा, मात्र कापराचा घेताना केशनळीचे दुसरे तोंडही बंद करावे, नाहीतर वितळण्याआधीच तो उडून जातो.