टाकीवरची वीट आणि उद्याचं तापमान

धंदा वाढल्याचं दुःख काय असतं ते आम्हाला सीएंनी शिकवलं. आमची सांगलीतली खानावळ इतकी वर्षं अन्नसुरक्षेच्या साध्या नोंदणीवर सुखात चालली होती. मग मटण थाळीचं नाव झालं, उलाढाल मर्यादेच्या पुढे गेली, आणि सीएंनी फोनवर शांतपणे सांगितलं, "वहिनी, आता नोंदणी चालणार नाही. परवाना काढा. तपासणीला माणूस येईल."

हे शेवटचं वाक्य ऐकल्यापासून घरात आणि खानावळीत प्रत्येकजण तज्ज्ञ झाला. शेजारच्या हॉटेलवाल्या काकांचा सल्ला असा, की साहेब आले की पंख्याखाली बसवायचं, थंड ताक द्यायचं आणि शेवटपर्यंत उठू द्यायचं नाही. गल्ल्यावर बसणाऱ्या आमच्या आत्यांनी गणपतीच्या फोटोची काच पुसली, नवा हार घातला, आणि आपल्या बाजूची तयारी पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. ह्यांनी दर्शनी भिंतीला रंग दिला. आचारी अण्णा मात्र ढिम्म. त्यांचं म्हणणं, "वहिनी, रस्सा चाखला की साहेब काय बी बगणार न्हाईत."

तपासणीची यादी छापून आणली तेव्हा कळलं, की रश्श्याला त्यात एकही गुण नाही. खानावळींच्या यादीत एकूण 114 गुण असतात आणि काही प्रश्नांपुढे चांदणी असते. चांदणीवाल्या प्रश्नात नापास झालात तर बाकीचे गुण कितीही असोत, उपयोग नाही. गणपतीच्या फोटोपुढे चांदणी नव्हती. पाण्यापुढे होती.

पाण्याबद्दल आम्ही निर्धास्त होतो, कारण काकांकडे पेनासारखं टीडीएस मीटर आहे. त्यांनी ते आमच्या पिंपात बुडवून दाखवलं आणि 180 आकडा आल्यावर "मिनरल वॉटर आहे तुमचं!" असं प्रशस्तिपत्रही दिलं. ते मीटर पाण्यातले विरघळलेले क्षार सांगतं. जंतूंशी त्याचं काही देणंघेणं नाही. गटाराचं दोन थेंब पाणी त्यात घातलं तरी ते 180 च दाखवेल. यादीला हवा होता मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा, पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 या मानकाप्रमाणे दिलेला अहवाल, आणि तोही दर सहा महिन्यांनी.

नमुना भरणं हाही एक विधीच आहे. प्रयोगशाळेने निर्जंतुक बाटली दिली. तिच्या तळाशी थोडी पांढरी पूड होती, ती आमच्या हाताखालच्या सागरने "घाण हाय" म्हणून धुवायला घेतली, आणि मी ओरडून त्याला थांबवलं. ती पूड पाण्यातल्या क्लोरीनला निष्प्रभ करण्यासाठी असते. नाहीतर वाटेतच क्लोरीन जंतू मारून टाकतो आणि अहवाल खोटाच चांगला येतो. मग स्वयंपाकाला वापरतो त्याच नळाची जाळी काढायची, तोंड ज्योतीने शेकायचं, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्यायचं, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बोट न लावता बाटली भरायची. काठोकाठ नाही, वर थोडी जागा ठेवून. काकांनी फिल्टरचं पाणी भरून द्यायची सूचना केली होती. पण आमटी आम्ही फिल्टरच्या पाण्यात करत नाही, आणि हे अण्णांना विचारलं तर ते कुणालाही मोकळेपणाने सांगतात.

अहवाल आला: कोलिफॉर्म जंतू आढळले. 100 मिलीलीटरमध्ये एकही चालत नाही. आत्या म्हणाल्या, "महापालिकेचं पाणीच तसलं." म्हणून रस्त्यावरून येणाऱ्या नळाचा वेगळा नमुना दिला. तो चोख निघाला. म्हणजे जे काय घडत होतं ते आमच्याच घरात, नळ आणि चूल यांच्या मधे. शेवटी हे गच्चीवर चढले. टाकीचं झाकण तडकलेलं होतं आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर वीट ठेवली होती. विटेवर कबुतर बसलं होतं. कबुतराच्या मालकीहक्काच्या सगळ्या खुणा झाकणाभोवती होत्या, आणि पावसाने त्या धुऊन कुठे जात असतील, हे सांगायला प्रयोगशाळेची गरज नव्हती. भरून वाहण्यासाठी काढलेल्या पाइपाला जाळीही नव्हती.

टाकी रिकामी केली, घासली, ब्लीचिंग पावडरचं पाणी भरून ठेवलं, सगळे नळ सोडून ते पाइपांतूनही फिरवलं आणि मग धुऊन टाकली. नवं झाकण आलं, कुलूपवालं. पाइपाला बारीक जाळी बसली. एवढ्यावर थांबले तर ते आमचे हे कसले! त्यांनी क्लोरीन मोजायचा संच आणला. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, आणि जो पिवळा रंग येईल तो शेजारच्या पट्टीशी जुळवायचा. लिटरला 0.2 मिलिग्रॅमच्या घरात फिकट पिवळा यायला हवा. पहिल्या दिवशी ह्यांच्या उत्साहामुळे गर्द नारिंगी आला आणि त्या दुपारच्या सोलकढीला पोहण्याच्या तलावाचा वास होता. दोन गिऱ्हाइकांनी विचारलं, "नवीन मसाला का?" अण्णा म्हणाले, "व्हय."

दुसरा अहवाल स्वच्छ आला. मग वळलो फ्रिजकडे.

आमच्या फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात मसाला लावलेलं मटण, मधे दही, खाली चिरलेली कोथिंबीर अशी व्यवस्था होती. अण्णांच्या मते मटण महाग म्हणून त्याला वरची जागा. मटणाचं पाणी थेंबाथेंबाने दह्यात आणि तिथून कोथिंबिरीत उतरत होतं. नियम उलटा आहे. शिजलेलं आणि तसंच खायचं ते वर, कच्चं सगळ्यात खाली, झाकून. त्याहूनही बरं म्हणजे दोन वेगळे फ्रिज. आम्ही मटणासाठी जुना छोटा फ्रिज घरून आणला. तेव्हा कळलं, की दुकानातल्या फ्रिजच्या दारात आत्यांच्या बीपीच्या गोळ्या, गुडघ्याचं मलम आणि कुठल्याशा लग्नातला गजरा होता. मलम काढायला सांगितल्यावर आत्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. "अन्नाच्या फ्रिजमध्ये औषध चालत नाही" हे मी यादीत दाखवलं, तर म्हणाल्या, "यादीत माझं नाव कुठे आहे?"

कागदांचा अध्याय लांबवत नाही. कामगारांचे वैद्यकीय दाखले, त्यासाठी टायफॉइडची लस, लशीच्या दिवशी अण्णांच्या गावात अचानक निघालेली जत्रा. मसाला, तेल, मटण कुठून घेतो त्याची बिलं. "उंदरांचा बंदोबस्त" या रकान्यात सागरने "मांजर" लिहिलं होतं. स्वयंपाकघरात मांजर असणं हाच वेगळा दोष आहे, त्यामुळे तो रकाना खोडून रीतसर फवारणीवाल्याला बोलावलं आणि मांजर काकांकडे गेलं. भजी बांधायचे वर्तमानपत्राचे कागदही गेले, कारण छपाईची शाई गरम तेलात उतरते आणि तसं बांधून द्यायला मनाई आहे.

उरली फ्रिजच्या तापमानाची वही. थंड पदार्थ 5 अंशांच्या आत राहायला हवेत. मी अण्णांच्या हाती वही देऊन सांगितलं, रोज सकाळ-संध्याकाळ काटा बघायचा आणि आकडा लिहायचा. अण्णा म्हणाले, "एवढंच ना?" इतक्या सहज होकार आला तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

तपासणीच्या दिवशी आम्ही साहेबांची वाट बघत होतो. पाठीला सॅक लावलेल्या एक मॅडम आल्या, तर आत्यांनी त्यांना टोकन दिलं आणि पार्सल की इथेच, असं विचारलं. ओळखपत्र दिसल्यावर ताक पुढे आलं. मॅडम बसल्याच नाहीत. ताक नको, पंखा नको. रंगवलेल्या भिंतीकडे आणि गणपतीकडे त्यांची पाठ होती.

मॅडम सगळ्यात आधी हात धुवायला गेल्या. मला वाटलं, स्वच्छतेची आवड. पण नळाला पाणी आहे का, साबण आहे का, पुसायला काय आहे, हे त्या धुता धुताच बघत होत्या. मग ओट्याखाली वाकल्या. दळण-पिठाची पोती जमिनीवर आहेत की फळीवर, मोरीच्या तोंडाला जाळी आहे का, चुलीवरच्या दिव्याला आवरण आहे का. चिरायचे पाट कुठले कशासाठी, हे त्यांनी मला न विचारता सागरला विचारलं. सागरने लाल मटणाला, हिरवा भाजीला हे बरोबर सांगितलं आणि वर "आधी एकच होता" हेही सांगितलं.

पाण्याचा अहवाल त्यांनी वाचला, मग म्हणाल्या, "टाकी बघू." हे इतक्या आनंदाने जिना चढले, की त्यांनाच परवाना हवाय असं वाटावं. नवं झाकण, कुलूप, जाळी. मॅडमनी फोटो काढले.

खाली येऊन त्यांनी सॅकमधून टोकदार थर्मामीटर काढला, पुसला आणि फ्रिजमधल्या दह्याच्या भांड्यात उभा केला. आम्ही सगळे वाकून बघत राहिलो. आकडा 9 वर थांबला.

"वही आहे?"

वही अण्णांनीच आणून दिली, अभिमानाने. सकाळी 4, संध्याकाळी 4. पानभर 4. एकाच पेनाने, एकाच वळणाचे. मॅडमनी बोट खाली खाली नेलं, आजच्या तारखेवर आणलं, आणि आणखी खाली नेलं.

"उद्या संध्याकाळी 4 अंश असणार, हे तुम्हाला आज कसं कळलं?"

"मॅडम," अण्णा म्हणाले, "रोजच आस्तंय."

मॅडम हसल्या नाहीत, पण पेन मात्र थोडा वेळ कागदावर टेकवून उभ्या राहिल्या. मग त्यांनी खिशातली दहाची नोट फ्रिजच्या दारात अडकवली, दार लावलं आणि नोट ओढली. ती अलगद बाहेर आली. "रबर गेलंय. आणि फ्रिज इतका ठासून भरलाय, की गार हवा फिरायला जागा नाही. गरम आमटी तशीच आत ठेवता का?" अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी आत्यांकडे. आत्यांनी गणपतीकडे.

शेऱ्यात दोन गोष्टी आल्या: फ्रिज दुरुस्त करा, आणि नोंदी खऱ्या ठेवा. तो पूर्ततेचा कागद फोटोंसह पाठवल्यावर परवाना मिळाला. आता चौदा आकडी क्रमांक भिंतीवर आहे आणि बिलावरही छापावा लागतो. आत्यांनी तो पाठ केलाय. त्यात पहिला 1 म्हणजे परवाना आणि 2 म्हणजे नोंदणी, हे कळल्यापासून त्या दुसऱ्यांच्या हॉटेलात जेवायला गेल्या की आधी बिल मागतात. काकांच्या बिलावर 2 आहे.

अण्णांना आम्ही थर्मामीटर घेऊन दिला. ते आता दही, आमटी, दूध, सगळ्यात तो खुपसतात. काल मी रस्सा चाखायला कढईत चमचा घातला, तर माझा हात धरला. "वहिनी, चमचा उष्टा हाय. वाटीत घ्या. आन् डोसक्याला टोपी?"