'गुणिले 20' वाला शॉर्टकट
"ईडीटीए टायट्रेशनमध्ये ब्युरेट रीडिंगला 20 ने गुणा, झाली पाण्याची हार्डनेस, स्टँडर्डायझेशन वगैरे टाइमपास आहे."

नाही हो. सॅम्पल 50 मिली आणि ईडीटीए बरोबर 0.01 मोलर असेल तरच हा 20 चालतो, कारण तेव्हा 1 मिली ईडीटीए म्हणजे 1 मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेट. 25 मिली घेतलं की 40 ने गुणायचं. आणि बाटलीवर 0.01 लिहिलंय म्हणून आत तेवढंच असेल असं नसतं, स्टँडर्डायझेशन तेच तपासायला असतं.

समजा रीडिंग 12.4 मिली आलं, शॉर्टकटने 248 मिग्रॅ प्रति लिटर. पण तोच ईडीटीए 20 मिली स्टँडर्ड कॅल्शियमला (1 मिलीत 1 मिग्रॅ) 20.8 मिली लागला तर फॅक्टर 20 भागिले 20.8, म्हणजे 0.96, आणि खरी हार्डनेस साधारण 238. सरळ 10 चा फरक!

एंडपॉइंटला एक थेंब जास्त पडला तर फरक जेमतेम 1 चा. मात्र जांभळ्यावर थांबू नका, लालसर छटा पूर्ण जाऊन स्वच्छ निळा यायला हवा, आणि रंग नीट पलटतच नसेल तर आधी पीएच 10 चा बफर पडलाय का बघा.