तदधः तदेव

आमच्या संग्रहालयात एका काचेच्या पेटीत मातीची एक चपटी, गोल वस्तू आहे. तळहातावर नीट मावेल एवढी. तिच्यावर चार ओळींत खिळ्यांसारख्या खुणा उमटवलेल्या आहेत आणि तिच्याशेजारी बरीच वर्षं हे लेबल होतं:

"भिंगाकृती मृत्तिका-फलक, प्रकार 4. अदग्ध. व्यास 8.2 सें.मी. प्राचीन बाबिलोनी कालखंड, इ. स. पू. 18वे शतक. दक्षिण मेसोपोटेमिया. पुरोभागी काष्ठवाचक-निर्धारकयुक्त सुमेरी शब्दसूचीतील द्विपंक्ती उद्धरण, आदर्श हस्तात; तदधः तदेव, अप्रगत हस्तात."

हे लेबल आमच्या क्युरेटर डॉक्टरसाहेबांनी लिहिलेलं. त्यात एकही चूक नाही, हीच त्याची अडचण. शाळांच्या सहली पेटीसमोर यायच्या, मुलं 'भिंगाकृती'पर्यंत पोचायची आणि मग शेजारच्या तलवारींकडे पळायची. एकदा एका मुलानं मला नेटानं विचारलं, "यातला हस्त कुठे आहे?" पेटीत कुणाचा तरी तुटलेला हात ठेवला असावा या आशेनं तो बराच वेळ वाकून बघत होता.

मग वरून आदेश आला: मुलांसाठी सोपं लेबल करा. पन्नास शब्दांत. काम माझ्याकडे आलं, कारण शिक्षण विभागात मी आहे आणि मला संस्कृत येत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आधी मी स्वतः ते लेबल समजून घ्यायचं ठरवलं. दोन दुपारी डॉक्टरसाहेबांसमोर बसलो. 'आदर्श हस्तात' म्हणजे शिक्षकाच्या अक्षरात. 'अप्रगत हस्तात' म्हणजे शिकणाऱ्याच्या अक्षरात. 'अदग्ध' म्हणजे न भाजलेली. 'तदधः तदेव' म्हणजे त्याच्या खाली तेच. गुरुजी वर दोन ओळी लिहून देत, मूल खाली तेच उतरवून काढी; अशा गोल फलकांना 'प्रकार 4' म्हणतात. मी म्हटलं, "सर, म्हणजे हा कित्ता आहे!"

डॉक्टरसाहेब थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तसं म्हणता येईल. पण लिहिता येणार नाही."

"का?"

"गिरवणं वेगळं, उतरवणं वेगळं. इथे कुणी अक्षरावरून लेखणी फिरवलेली नाही."

पहिल्याच दिवशी कित्ता हातचा गेला. 'पाटी' मात्र वाचली. ओल्या मातीचा गोळा थापायचा, बोरूच्या टोकानं त्यावर खुणा दाबायच्या, धडा झाला की पाण्यात भिजवून पुन्हा गोळा करायचा. जी लिहून पुसता येते ती पाटी, हे डॉक्टरसाहेबांनाही मान्य करावं लागलं. "फक्त ती 'पुसत' नसत, मळत असत," एवढी दुरुस्ती त्यांनी केलीच.

त्या दोन दुपारी मी जे ऐकलं ते लेबलात का नव्हतं, हे मला अजून कळलेलं नाही. इराकमध्ये निप्पूर नावाचं एक जुनं शहर आहे. तिथे 1951-52च्या उत्खननात एक लहानसं घर सापडलं. त्याला संशोधक रुक्षपणे 'घर एफ' म्हणतात. त्या घरात पाट्यांचे जवळजवळ 1,400 तुकडे मिळाले, आणि त्यांतले बरेच भिंतींत, जमिनीत भर म्हणून घातलेले होते. म्हणजे गृहपाठ इमारतीच्या कामी आला. त्या पाट्या पुन्हा मळल्या गेल्या असत्या तर आपल्या हाती काहीच लागलं नसतं. टाकाऊ ठरल्या म्हणून टिकल्या.

आणि ही मुलं शिकत होती काय, तर सुमेरी. ती भाषा तोवर घरी कुणी बोलत नव्हतं. घरी अक्कादी, शाळेत सुमेरी. झाडांची आणि लाकडी वस्तूंची लांबलचक यादी पाठ करायची. प्रत्येक नावाआधी 'गिश' ही एकच खूण, म्हणजे 'सावधान, पुढे लाकूड आहे'. ती लिहायची, पण वाचायची नाही. कुठल्याही काळातल्या मुलाला हे अन्यायाचं वाटलं असणार.

एवढा माल हाती आल्यावर मी भरात येऊन पहिला मसुदा लिहिला. सुरुवात अशी: "मित्रांनो, टाइम मशीनमध्ये बसून चला एका अद्भुत दुनियेत!" तो मी घरी मोठ्यानं वाचला. माझी दहा वर्षांची मुलगी शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्ही जाहिरातीतल्या काकांसारखे बोलताय." मसुदा फाडला. मुलांसाठी लिहायचं म्हणजे उद्गारचिन्हं वाढवायची, हा समज माझ्यात कुठून शिरला होता कोण जाणे.

दुसऱ्या मसुद्यात मी काळाच्या मागे लागलो. 'इ. स. पू. 18वे शतक' मुलांना उलटं पडतं. आकडा मोठा म्हणजे काळ जुना, आणि शतकात 18 असलं तरी वर्षं सतराशेची. म्हणून 'सुमारे 3,700 वर्षांपूर्वी' असं केलं. पण 3,700 हा आकडा मुलांना 37,000 सारखाच वाटतो. तेव्हा पिढ्या मोजल्या. एका पिढीची पंचवीस वर्षं धरली तर 148 पिढ्या. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा, आणि मग पुढे नुसतं खापर-खापर-खापर. हिशोब केला तर 'खापर' 145 वेळा लिहावं लागत होतं. पेटीतही अखेर मातीचंच खापर आहे, म्हणून कोटी मला फारच आवडली होती. पण 145 खापरांत पन्नास शब्दांची मर्यादा तीन वेळा बुडत होती. खापर शेवटी माझ्यावरच फुटलं आणि वाक्य गेलं.

मग आली 'कदाचित'ची लढाई. मी लिहिलं, "ही एका लहान मुलाची पाटी आहे." डॉक्टरसाहेबांनी पेन्सिलीनं तीन शब्दांखाली रेघा ओढल्या. "एका कशावरून? लहान कशावरून? आणि मुलाची कशावरून? त्या काळात लिहिणाऱ्या स्त्रियाही होत्या."

शेवटच्या आक्षेपावर मी मराठीच्या कृपेनं सुटलो. 'मूल' नपुंसकलिंगी आहे. मुलाची म्हणजे मुलग्याचीच असं नाही, मूल या शब्दाचीही षष्ठी तीच. डॉक्टरसाहेबांनी मान हलवली, पण 'लहान' सोडायला तयार होईनात. तेव्हा त्यांनीच पूर्वी सांगितलेली गोष्ट मी पुढे केली: निप्पूरच्याच एका पाटीवर दातांच्या खुणा आहेत. कुणीतरी ती चावली होती, आणि दातांवरून चावणाऱ्याचं वय बारा-तेरा ठरवलं गेलं.

"ती वेगळी पाटी," ते म्हणाले. "आपली चावलेली नाही."

त्यांच्या आवाजात किंचित खेद होता असं मला वाटलं. तडजोडीनं 'विद्यार्थी' ठरलं. विद्यार्थ्याला वयाची अट नसते.

तिसरा मसुदा साध्या कागदावर छापला, चिकटपट्टीनं पेटीखाली लावला आणि मी खांबाआड उभा राहिलो. संग्रहालयात नोकरी करणाऱ्या माणसानं आयुष्यात एकदा तरी हे करावं. आपण आठवडाभर घासलेलं वाक्य एखादं मूल किती सहज ओलांडून जातं ते दिसतं. सातवीतल्या तीन मुली आल्या. मसुद्याची सुरुवात होती, "प्राचीन काळी मेसोपोटेमियात..." एकीनं 'मेसो' म्हटलं, दुसरीनं 'पोटे' म्हणून पोट धरलं, आणि त्या हसत निघून गेल्या.

नंतरचा मुलगा चिकाटीचा होता. त्यानं शेवटपर्यंत वाचलं. माझं वाक्य होतं, "वर गुरुजी लिहीत आणि खाली विद्यार्थी." तो मित्राला म्हणाला, "गुरुजी माळ्यावर बसायचे." मित्रानं विचारलं, "मग दिसायचं कसं?" यावर त्यांची गंभीर चर्चा झाली, आणि पाटीकडे दोघांपैकी एकानंही पाहिलं नाही.

तिथे मला माझी चूक कळली. मी गोष्ट सांगत बसलो होतो. मूल आधी वस्तूकडे बघतं आणि मग कागदाला विचारतं, 'यात काय बघू?' तेव्हा पहिल्याच ओळीत डोळ्यांना काम द्यायला हवं होतं. मेसोपोटेमिया नकाशात गेला. मार खाण्याची हकिगतही गेली, याचं मात्र वाईट वाटतं. त्या काळच्या एका सुमेरी लेखनात एक विद्यार्थी सांगतो की बोलला म्हणून मारलं, उठून उभा राहिला म्हणून मारलं, अक्षर चांगलं नाही म्हणून मारलं. मग त्याचे वडील गुरुजींना घरी बोलावून जेवू घालतात, नवं वस्त्र आणि अंगठी देतात, आणि गुरुजींचं मत एकदम पालटतं. हे मी एका सहलीबरोबर आलेल्या बाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "वस्तू उत्तम आहे. पण अंगठीचं लिहू नका."

ओळी तोडणं हे आणखी एक प्रकरण. स्वीडनच्या मार्गारेटा एकार्व यांनी 1980च्या दशकात संग्रहालयांसाठी एक रीत सांगितली: ओळ साधारण 45 अक्षरांची ठेवा आणि बोलताना जिथे थांबतो तिथेच तोडा. मी तसं तोडून दिलं. छपाईवाल्यानं दोन्ही कडा सरळ दिसाव्यात म्हणून सगळं पुन्हा जोडलं, आणि 'विद्यार्थ्याच्या' हा शब्द दोन ओळींत चिरला. चार खेपा झाल्या. चौथ्या खेपेला त्याचं म्हणणं असं, की कडा वेड्यावाकड्या दिसल्या तर लोक त्याच्या दुकानाला नावं ठेवतील.

अखेर लागलं ते असं:

ही शाळेतली पाटी आहे. मातीची.
वरच्या दोन ओळी शिक्षकांनी लिहिल्या.
खालच्या दोन ओळी विद्यार्थ्यानं.
शब्द तेच आहेत. अक्षर कुणाचं चांगलं?
प्रत्येक ओळीची पहिली खूण सारखीच आहे. शोधा.
ती सांगते: पुढे झाडाचं किंवा
लाकडी वस्तूचं नाव आहे.
हे लिहून सुमारे 3,700 वर्षं झाली.

हे लेबल पेटीच्या काठाखाली, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला लावलं. जुनं वर तसंच राहिलं, कारण ते काढायचं म्हटल्यावर डॉक्टरसाहेब रजेवर गेले. आता मुलं थांबतात. "खालचं गचाळ आहे" असं जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, आणि म्हणताना चेहऱ्यावर ओळख पटल्याचं समाधान असतं. एकीनं विचारलं, "मग त्याला मार्क किती मिळाले?" हे आम्हा दोघांनाही सांगता आलं नाही.

गेल्या आठवड्यात एक सहल गेल्यावर बाकावर एक कागद सापडला. शिक्षिकेनं मुलांना लेबल लिहून घ्यायला सांगितलं असावं. वर सुबक अक्षरात माझ्या पहिल्या दोन ओळी नमुन्यादाखल, खाली त्याच दोन ओळी पेन्सिलीनं, उताराला लागलेल्या. 'पाटी' तिथे 'पाटि' झाली होती आणि कागदाचा एक कोपरा चावलेला होता.

मी तो डॉक्टरसाहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, कागद उलटसुलट करून पाहिला, चावलेल्या कोपऱ्याशी जरा रेंगाळले.

"प्रकार 4," ते म्हणाले. "अदग्ध." आणि ड्रॉवर उघडून कागद आत ठेवून दिला.