ताइपिंग बंडाचे बळी: खुलासा

"ताइपिंग बंडात दोन कोटी माणसं लढाईत कापली गेली."

चीनमधल्या चिंग राजवटीविरुद्धच्या या बंडात दोन कोटी हा अंदाज आहे, आणि त्यातले बहुतेक भुकेने आणि रोगराईने गेले. बंडखोरांची राजधानी, १८६४ चं नानजिंग बघा. बंडाचा म्होरक्या हाँग शिउछुआन स्वतःला येशूचा धाकटा भाऊ म्हणवायचा. चिंग सेनापती त्सेंग क्वोफानच्या सैन्याने शहराला वेढा घालून रसद तोडली. धान्य संपल्यावर हाँगने फर्मान काढलं, बायबलात देवाने आकाशातून पाठवलेल्या 'मान्ना' या अन्नावर जगा. म्हणजे काय, तर अंगणातलं तण! स्वतःही त्याने तेच खाल्लं. जूनमध्ये तो आजारपणात मेला, १९ जुलैला शहर पडलं. कत्तल झालीच, पण यांगत्सेकाठच्या गावांत आधीच पेरणीला माणसं उरली नव्हती.