गणिताच्या पेपरात मान खाली जाणारच

(शाळेला दिलेलं पत्र. आपापल्या शाळेसाठी हवे ते बदल करून खुशाल वापरा.)

मा. मुख्याध्यापक,
स. न. वि. वि.

नववीच्या गणिताच्या ऑनलाइन चाचणीत दोन तास कॅमेरा सुरू राहील आणि सॉफ्टवेअर ‘संशयास्पद हालचाली’ टिपेल, असं आपलं परिपत्रक आहे. सोबतच्या संमतीपत्रावर मी सही करत नाही.

कॅमेऱ्याला कॉपी दिसत नाही. चौकटीत चेहरा आहे का, एकच आहे का, मान कुठे वळली, आवाज आला का, एवढंच सॉफ्टवेअर पाहतं. गणित मात्र वहीत सोडवतात. समीकरण मांडायला मूल वाकलं की लॅपटॉपला केस आणि कपाळ दिसतं, आणि काही सेकंद चेहरा सापडला नाही की नावापुढे खूण पडते. म्हणजे जो कच्चं काम नीट करतो, त्याच्याच खुणा जास्त! पाठीमागे खिडकी असली तर चेहरा काळवंडतो आणि तेच होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरमधला चेहराही ‘दुसरी व्यक्ती’ ठरू शकतो. वन-रूम-किचनमध्ये कुकरची शिट्टी कोणी थांबवायची?

आता हिशेब पाहा. समजा ४०० मुलं बसली आणि त्यातली १० कॉपी करतात. सॉफ्टवेअरने त्यातली ८ पकडली आणि उरलेल्या ३९० पैकी फक्त ५ टक्के मुलांवर चुकून खूण केली, असं उदारपणे धरू. तरी साधारण २० निर्दोष मुलं यादीत येतात. २८ नावांतली २० चुकीची, आणि शिक्षकांसमोर यादी येते ती सगळी एकाच रंगात.

८ पकडेल हेही उदारच आहे. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात ३० विद्यार्थ्यांवर असा प्रयोग झाला होता. सहा जणांना मुद्दाम कॉपी करायला सांगितलं होतं. सॉफ्टवेअरने त्या सहांपैकी एकालाही संशयित ठरवलं नाही. माणसाने चित्रीकरण तपासल्यावर एक जण सापडला. मोबाइल कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर ठेवला की काम भागतं, हे मुलांना आपल्याआधी कळतं.

म्हणून विनंती अशी. प्रत्येक मुलाला आकडे बदललेले प्रश्न द्यावेत, वहीच्या पानांचे फोटो मागवावेत आणि ज्याच्या उत्तराबद्दल शंका असेल त्याला दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं तेच गणित फळ्यावर सोडवायला सांगावं. उत्तर दुसऱ्याकडून उतरवलेलं असेल तर तिसऱ्या ओळीत अडतं, हे गणिताच्या कुठल्याही बाईंना ठाऊक आहे.

कॅमेरा ठेवायचाच असेल, तर कॅमेरा फिरवून खोली दाखवण्याची अट काढावी. शिक्षकांनी चित्रीकरण स्वतः पाहून मुलाचं म्हणणं ऐकेपर्यंत गुण कापू नयेत. निकालानंतर चित्रीकरण किती दिवसांत आणि कोण पुसणार, ते कंपनीकडून लेखी घ्यावं. संमती न देणाऱ्यांना शाळेच्या संगणक कक्षात बसू द्यावं.

उत्तर चाचणीच्या आठ दिवस आधी लेखी मिळावं.

कळावे,
नववीतील एक पालक