डिटेक्टरने ‘९२% बनावट’ दाखवलं, म्हणून आवाज बनावट ठरत नाही

व्हॉट्सॲपवर असा सल्ला फिरतो: “एआयचा आवाज ओळखणं एकदम सोपं आहे. त्यात श्वास ऐकू येत नाही आणि बोलणं सपाट असतं. तरी शंका आली तर क्लिप फुकटच्या डिटेक्टर साइटवर टाका, ९९ टक्के अचूक उत्तर मिळतं. कोकणातल्या सगळ्या ग्रुपवर पाठवा.”

समजा, देवगडमधल्या एका आईला मुंबईतल्या मुलाच्या आवाजात वीस सेकंदांची व्हॉइस नोट आली: “आये, माजो ॲक्सिडेंट झालो, चाळीस हजार व्हये आसत.” वरचा सल्ला इथे लावून पाहू.

श्वासाची खूण दोन्ही बाजूंनी फसवते. आताची सॉफ्टवेअर्स खऱ्या माणसांच्या रेकॉर्डिंगवरून शिकतात, त्यामुळे श्वास, अडखळणं, हुंदका हे सगळं त्यांच्या आवाजात येतं. उलट खऱ्या फोनमधला गोंगाट कमी करणारा भाग वारा आणि गाज कापताना श्वासही कापून टाकतो. म्हणजे बंदरावरून बोलणारा खरा मुलगा कोरडा, यांत्रिक ऐकू येऊ शकतो.

मालवणी बोलीवरून ओळखू, असंही काही जण म्हणतात. लिहिलेला मजकूर वाचणारं सॉफ्टवेअर मालवणीत घसरतं, हे बऱ्याचदा खरं आहे. पण आवाज बदलण्याची दुसरी पद्धत वेगळी आहे. तिच्यात भामटा स्वतः बोलतो आणि सॉफ्टवेअर फक्त त्याच्या आवाजाचा पोत बदलून मुलाचा करतं. भामट्याला मालवणी येत असेल तर हेल, शब्द, सगळं जसंच्या तसं उतरतं.

आता डिटेक्टर. या साधनांना ऐकून कळत नाही. सरावाला दिलेल्या खऱ्या आणि बनावट क्लिपांमध्ये जो फरक सापडेल तो ती धरून बसतात. तो फरक भलताच असू शकतो. अशा साधनांच्या सरावासाठी खूप वापरल्या गेलेल्या एएसव्हीस्पूफ २०१९ या संग्रहात खऱ्या आणि बनावट क्लिपांच्या सुरुवातीची व शेवटची शांतता वेगवेगळ्या लांबीची होती. ती कापून टाकल्यावर साधनांची कामगिरी लक्षणीय घसरली, म्हणजे त्यांचा बराच भर आवाजावर नव्हे, शांततेच्या लांबीवर होता.

दुसरी अडचण फाइलची. बनवताना राहिलेल्या बारीक खुणा बऱ्याचदा उंच कंप्रतांमध्ये असतात. व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट लहान करताना बऱ्याचदा साधारण ८ किलोहर्ट्झच्या वरचं जातं. साध्या नॅरोबँड, म्हणजे आवाजाचा अरुंद पट्टाच पाठवणाऱ्या कॉलमध्ये साधारण ३४०० हर्ट्झच्या वरचं. शिवाय आकुंचन स्वतःच्या खुणा सोडतं आणि साधन त्यांनाच बनावटीच्या समजू शकतं. एका फोनवर वाजवून दुसऱ्यावर रेकॉर्ड केलेली क्लिप तर तपासायला टाकूच नये. त्यात सराव मुख्यतः इंग्रजीसारख्या मोठ्या भाषांचा, आणि कालच आलेलं नवं सॉफ्टवेअर साधनाने पाहिलेलंही नसतं. आवाज बनवणाऱ्या काही कंपन्यांची साधनं तर मुख्यतः त्यांच्याच सॉफ्टवेअरचा आवाज ओळखतात. त्यांचा ‘नाही’ म्हणजे ‘आमचा नाही’, एवढाच.

आणि ‘९९ टक्के’चा हिशेब. साधन खूप चांगलं आहे असं धरू: शंभर बनावटीतल्या ९५ पकडतं, शंभर खऱ्यांतल्या फक्त ५ चुकून बनावट ठरवतं. तालुक्यातल्या १००० क्लिपांत १० बनावट असतील तर त्यातल्या नऊ-दहा सापडतील, पण उरलेल्या ९९० खऱ्यांतल्या सुमारे ५० वरही लाल शिक्का बसेल. म्हणजे लाल शिक्का बसलेल्या सहा क्लिपांपैकी पाच खऱ्या माणसांच्या. पडद्यावरचा ‘९२%’ हा साधनाचा गुण आहे. ही क्लिप बनावट असण्याची शक्यता तितकी आहे, असा त्याचा अर्थ नाही. हिरवा शिक्का जास्त धोक्याचा, कारण त्याच्या भरवशावर आई पैसे पाठवते.

म्हणून त्या आईने क्लिपची परीक्षा घेत बसू नये. मुलाच्या जुन्या, पाठ असलेल्या नंबरवर साधा सिमकार्डाचा कॉल करावा. व्हॉट्सॲप कॉल नको, कारण अकाउंटच भामट्याच्या हाती गेलेलं असू शकतं. आलेल्या कॉलवरच बोलत राहणंही नको, कारण आवाज बदलणं आता चालू बोलण्यातही होतं. फोन लागला नाही तर खोलीतल्या सोबत्याला किंवा मुंबईतल्या नातेवाइकाला लावावा. ओळख पटवायला घरातलंच काहीतरी विचारावं, पण फेसबुकवर सापडेल असं नको: गणपतीला कोण आलं होतं यापेक्षा मागच्या दारची कडी कशाने बांधली आहे, हे बरं.

पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी थोपवायची असते. चॅट पुसू नये. व्हॉइस नोट मूळ फाइल म्हणूनच ठेवावी, नंबर आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा, आणि पैशांच्या व्यवहाराचा यूटीआर क्रमांक तक्रारीत लिहावा.